जागेवरून लांब उडी

धाव न घेता, दोन्ही पाय रेषेमागे ठेवून मारलेली लांब उडी. १९०० ते १९१२ या काळात ती ऑलिंपिकमध्ये होती. १९०४ साली अमेरिकेच्या रे यूरीने सुमारे ३.४७ मीटर उडी मारून ती जिंकली. आता ती मुख्यतः शारीरिक क्षमता चाचण्यांत, ‘स्टँडिंग ब्रॉड जंप’ या नावाने घेतली जाते.

उडीची सुरुवात खाली जाण्याने होते. खेळाडू हात मागे नेत गुडघे आणि खुबे वाकवतो आणि न थांबता लगेच वर येऊ लागतो. खाली येणारे शरीर थोपवताना स्नायू आधीच ताणलेले व जोर लावत असतात, म्हणून वर जाण्याच्या पहिल्या क्षणापासूनच जमिनीवर पूर्ण दाब पडतो. खाली बसून क्षणभर थांबले की हा फायदा बराचसा निघून जातो. पुढे खुबा, गुडघा आणि घोटा साधारण याच क्रमाने उघडतात. खुब्याभोवतीचे स्नायू मोठे असल्याने तिथला वाटा महत्त्वाचा.

हातांचे काम मात्र अनेकदा चुकीचे समजावले जाते. हात शरीराला ‘वर ओढतात’ हे अर्धेच खरे. ॲशबी आणि हीगार्ड या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हात मोकळे असताना सरासरी उडी २.०९ मीटर, तर हात बांधल्यासारखे स्थिर ठेवल्यावर १.७२ मीटर झाली. वाढीचा सुमारे ७१ टक्के भाग जमीन सोडतानाच्या जास्त वेगातून आला. उरलेला, त्या क्षणी शरीराचा गुरुत्वमध्य अधिक पुढे गेलेला असल्यामुळे.

हा वेग कुठून येतो? काही भाग खांद्याच्या स्नायूंच्या कामातून. पण पुढे झुकून खुबे पूर्ण ताकदीने उघडले तर शरीर हवेत तोंडावर पडेल अशा दिशेने फिरू लागते. हात स्थिर असतील तर हे टाळण्यासाठी खेळाडू शेवटच्या क्षणी नकळत जोर आवरता घेतो. हात मोकळे असले की ते हवेत डोक्यावरून पुढे, खाली आणि मागे फिरतात. ते फिरणे हात स्वतःकडे घेतात, धड स्थिर राहते आणि पाय पुढे आणायला जागा मिळते. म्हणजे हातांमुळे खुब्यांना मोकळेपणाने उघडता येते. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

चूक ओळखायला बाजूने काढलेला व्हिडिओ पुरतो. बोटे जमीन सोडण्याच्या शेवटच्या चौकटीत घोटा, खुबा आणि खांदा जवळजवळ एका पुढे झुकलेल्या रेषेत आणि हात डोक्याच्या पुढे-वर दिसायला हवेत. खुबा वाकलेला दिसला तर उडी अपुऱ्या ताणात सुटली आहे. हात अजून कमरेशीच असतील तर झोका उशिरा सुरू झाला. अशा वेळी खोल बसण्याचा सराव वाढवून उपयोग होत नाही, हात आधी सोडायला शिकवावे लागते. उतरताना तोल मागे गेला आणि हात टेकला, तर अंतर रेषेला सर्वांत जवळच्या खुणेपर्यंतच मोजतात.