नॉन्सचा पुनर्वापर (स्ट्रीम सायफर)

एकाच गुप्त कीसोबत एकच नॉन्स, म्हणजे दर संदेशाला नवा घ्यायचा आकडा, दोनदा वापरून दोन वेगळे संदेश कूटबद्ध करण्याच्या चुकीला नॉन्सचा पुनर्वापर म्हणतात. अशी चूक झाली की की न शोधताही दोन्ही संदेश वाचता येतात.

स्ट्रीम सायफर स्वतः मजकुराला हातच लावत नाही. की आणि नॉन्स घेऊन तो वरवर निरर्थक दिसणाऱ्या बाइटांची एक लांबलचक माळ तयार करतो. हीच की-स्ट्रीम. मूळ मजकुराचा एकेक बाइट या माळेतल्या एकेका बाइटशी एक्सऑर केला, म्हणजे बिट वेगळे तिथे एक आणि सारखे तिथे शून्य लिहिले, की कूटमजकूर मिळतो, आणि पुन्हा तीच माळ एक्सऑर केली की मूळ मजकूर परत येतो. की बरेच दिवस तीच राहते. प्रत्येक संदेशाला नवी माळ मिळावी म्हणून दर वेळी बदलतो तो नॉन्स. तो गुप्त नसतो, संदेशासोबत उघडाच जातो. त्याच्याकडून अपेक्षा एकच : त्या कीसोबत तो पुन्हा येता कामा नये.

तो पुन्हा आला तर माळही तीच येते. कोणतीही गोष्ट स्वतःशीच एक्सऑर केली की शून्य उरते, त्यामुळे C1 आणि C2 हे दोन कूटमजकूर एकमेकांशी एक्सऑर करताच की-स्ट्रीम K समीकरणातून गळून पडते आणि P1, P2 हे मूळ मजकूर उरतात :

```
C1 ⊕ C2 = (P1 ⊕ K) ⊕ (P2 ⊕ K) = P1 ⊕ P2
```

की २५६ बिटांची असो की आणखी मोठी, उजव्या बाजूला तिचा मागमूस राहत नाही. उरतात ती एकमेकांत मिसळलेली दोन माणसांची वाक्ये, आणि माणसांच्या वाक्यांचा अंदाज बांधता येतो.

आठ बाइटांचे दोन संदेश घेऊ, बाइट हेक्स म्हणजे सोळाच्या पायात लिहून. हल्लेखोराकडे फक्त पहिल्या दोन ओळी आहेत, तिसरी त्याने काढली :

```
C1     CC 7B A8 54 1E F4 2C B7
C2     C9 7E B8 46 7B 8D 2D D3
C1⊕C2  05 05 10 12 65 79 01 64
```

तिसऱ्या ओळीतला एकही बाइट `80` किंवा त्याहून मोठा नाही, कारण रोमन अक्षरांचे बाइट `80` च्या आतच असतात. की-स्ट्रीम वेगवेगळ्या असत्या तर साधारण निम्मे बाइट तसे निघाले असते. आठच बाइटांत हा योगायोग असू शकतो, पण शंभर बाइटांत असेच दिसले तर नॉन्स पुन्हा वापरला गेला आहे आणि मजकूर रोमन लिपीत आहे, असे खुशाल समजावे. आता एखादा संभाव्य शब्द घेऊन तो या ओळीवर एकेक जागा सरकवत बसवून पाहायचा. अशा शब्दाला क्रिब म्हणतात. पैशांची गोष्ट चालली असेल असे धरून `PAISE` घेतला आणि दुसऱ्या बाइटपासून बसवला, तर समोरून `UQ[6<` असा कचरा निघतो. तोच पहिल्या बाइटपासून बसवला की `UDYA ` निघते, शेवटच्या रिकाम्या जागेसकट. इथून पुढे काम दोन्ही बाजूंनी चालते. `PAISE` नंतर रिकामी जागा असणार, ती धरली की दुसरीकडे `Y` येतो. `UDYA Y` पुढे `E` असावा, तो धरला की पहिलीकडे `D` येतो. `PAISE D` पुढे `E` ठेवला की शेवटी `!` उरतो. एक संदेश `PAISE DE`, दुसरा `UDYA YE!`.

इथे फसायलाही होते. `64` म्हणजे रिकामी जागा आणि `D` यांचा एक्सऑर असाही अर्थ निघतो, आणि रिकामी जागा मजकुरात वारंवार येते म्हणून तो अंदाज आधी सुचतो. पण मग एक संदेश `PAISE D` वर तुटतो. शिवाय कोणता मजकूर `C1` चा आणि कोणता `C2` चा हे तिसऱ्या ओळीवरून कळत नाही. ते पाठवणारा, वेळ, लांबी अशा बाहेरच्या गोष्टींवरून ठरवावे लागते. एकदा ठरले की की-स्ट्रीमही हाती येते, आणि त्याच नॉन्सचा तिसरा संदेश त्या लांबीपर्यंत आपोआप उघडतो.

देवनागरी मजकूर याहून सोपा सापडतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यातले पहिले दोन `E0 A4` किंवा `E0 A5` असतात. दोन्ही मजकूर तीन-तीन बाइटांच्या चालीत जुळून असतील तोवर एक्सऑरमध्ये `00 00` किंवा `00 01` आणि मग एक अनोळखी बाइट, असा ठेका पडतो. एका बाइटाची रिकामी जागा आली की ठेका मोडतो, आणि तो कुठे मोडला यावरून शब्द कुठे संपतात हे कळू लागते.

या चुकीचे सर्वांत गाजलेले उदाहरण नॉन्स हा शब्द रुळण्याच्या आधीचे आहे. ३० ऑगस्ट १९४१ रोजी जर्मन सैन्याच्या अथेन्स-व्हिएन्ना दुव्यावर लॉरेन्झ या कूटयंत्राने सुमारे ४,००० अक्षरांचा संदेश गेला. तो नीट पोहोचला नाही, म्हणून पलीकडच्याने पुन्हा मागितला. पाठवणाऱ्याने यंत्राची चक्रे आधीच्याच जागी आणली आणि संदेश हाताने परत टाइप केला. चक्रांच्या जागा सांगणारे सूचक `HQIBPEXEZMUG` दोन्ही वेळा उघडपणे गेले होते, त्यामुळे ऐकणाऱ्या ब्रिटिशांना काय घडले ते लगेच कळले. त्याने अक्षर न् अक्षर तेच टाइप केले असते तर एक्सऑरमध्ये नुसती शून्ये आली असती आणि फारसे बिघडले नसते. पण पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला असावा : `SPRUCHNUMMER` च्या जागी त्याने `SPRUCHNR` असे आखूड लिहिले, आणि पुढेही अशी काटछाट केली.

इथून दुसरा मजकूर पहिल्याच्या काही अक्षरे पुढे सरकला. ब्लेचली पार्क या ब्रिटिश कूटभेदन केंद्रातल्या जॉन टिल्टमन यांना याचा फायदा झाला, कारण एका मजकुरात उलगडलेले अक्षर दुसऱ्यात थोड्या अंतरावर पुन्हा येणारच होते. सुमारे दहा दिवसांत त्यांनी दोन्ही मजकूर आणि की-स्ट्रीम वेगळी केली. त्या की-स्ट्रीममधल्या आवर्तनांवरून बिल टट यांनी, यंत्र कधीही न पाहता, त्याच्या चक्रांची रचना शोधून काढायला सुरुवात केली. आजच्या चाचा२० किंवा सीटीआर पद्धतीतल्या एईएस या सायफरांच्या की-स्ट्रीमवरून मूळ की काढता येत नाही, म्हणून नुकसान त्या नॉन्सच्या संदेशांपुरते राहते. लॉरेन्झला तेवढाही आडोसा नव्हता.

आज ही चूक कंटाळ्यापेक्षा प्रोग्रॅममधल्या हिशेबाने होते. जुन्या वाय-फायच्या वेप पद्धतीत नॉन्सचे काम करणारा आकडा अवघा २४ बिटांचा होता, म्हणजे १,६७,७७,२१६ शक्यता. तो यादृच्छिक निवडला तर सुमारे ४,८०० पॅकेटांतच एखादा आकडा पुन्हा येण्याची शक्यता निम्मी होते. २०१७ मध्ये मॅथी वॅनहोफ यांनी दाखवलेल्या क्रॅक हल्ल्यात डब्ल्यूपीए२ या नंतरच्या वाय-फाय पद्धतीच्या जोडणीतला तिसरा संदेश पुन्हा पाठवला की उपकरण तीच की नव्याने बसवत असे आणि नॉन्सचा मोजणी-आकडा मागे, सुरुवातीच्या किमतीवर जात असे. याखेरीज यंत्र रीबूट झाल्यावर शून्यापासून सुरू होणारी मोजणी, जुन्या स्नॅपशॉटवरून उठवलेला आभासी सर्व्हर, आणि दोन्ही टोकांनी एकच की घेऊन आपापली मोजणी शून्यापासून सुरू करणे, ही नेहमीची कारणे.

उपाय म्हणून मोजणी डिस्कवर जपून ठेवतात, किंवा एक्सचाचा२० सारखा १९२ बिटांचा नॉन्स यादृच्छिक काढतात. तो पुन्हा येण्याची भीती व्यवहारात उरत नाही. एईएस-जीसीएम-एसआयव्ही या पद्धतीत की-स्ट्रीम मजकुरावरही अवलंबून असते. तिथे नॉन्स पुन्हा आला तरी, दोन संदेश हुबेहूब एकच होते की नाही, एवढेच बाहेर कळते.