सर्टिफिकेटवर नाव आलं म्हणजे विमा मिळाला?

"टेंडरमध्ये नगरपालिकेला अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड, म्हणजे आमच्या पॉलिसीत जादा विमाधारक, करा असं लिहिलंय. ब्रोकरला मेल टाकून सर्टिफिकेटवर तिचं नाव घातलं की झालं ना?"

नाही. अमेरिकेत विम्याच्या सर्टिफिकेटसाठी चालतो तो अकॉर्ड २५ हा एकपानी फॉर्म. तो फक्त माहितीसाठी आहे, त्याने सर्टिफिकेट धारकाला कोणतेही हक्क मिळत नाहीत, असं त्यावरच ठळक छापलेलं असतं. खालच्या चौकटीतलं नगरपालिकेचं नाव म्हणजे कागद कोणाला दिला एवढीच नोंद.

समजा, शाळेच्या छपराचं काम आहे आणि प्रत्येक घटनेमागे १० लाख डॉलरचं लायबिलिटी कव्हर मागितलंय. काम चालू असताना वरून फळी पडून वाटसरू जखमी झाला आणि त्याने नगरपालिकेवरही दावा ठोकला, तर विमा कंपनी पॉलिसी उघडते, सर्टिफिकेट नव्हे. तिथे नगरपालिकेला विमाधारक म्हणून सामील करणारं CG 20 10 सारखं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं बदलपत्र, नसेल, तर नगरपालिकेला त्या पॉलिसीचा आधार मिळणं कठीण. शिवाय CG 20 10 चालू कामापुरतंच असतं. काम संपल्यानंतरच्या दाव्यांसाठी CG 20 37 लागतं. नेमकं हेच दुसरं बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

म्हणून 'सर्टिफिकेट पाठवा' एवढाच मेल करू नका. टेंडरमधलं विम्याचं कलम जसंच्या तसं जोडा, दोन्ही एन्डॉर्समेंटच्या प्रती मागा आणि सर्टिफिकेटवर अ‍ॅडिशनल इन्शुअर्डच्या ADDL INSD रकान्यात खूण आहे का ते पाहा. एन्डॉर्समेंट नसताना ब्रोकर ती खूण करून देत असेल, तर तो मदत करत नाहीये.