फेरमागणी पातळी आणि राखीव साठा

साठा उतरत ज्या आकड्यावर आला की पुरवठादाराकडे नवी ऑर्डर टाकायची, त्या आकड्याला फेरमागणी पातळी म्हणतात. बाजारात रूढ शब्द ‘रिऑर्डर लेव्हल’. ऑर्डर टाकल्यापासून माल गोडाऊनमध्ये उतरेपर्यंतचा काळ म्हणजे लीड टाइम. या काळात सरासरीने खपेल तेवढा माल आणि त्यावर थोडा राखीव साठा, असे या पातळीचे दोन भाग असतात. विक्री एकदम वाढली किंवा गाडी उशिरा आली, तर राखीव साठा वेळ निभावून नेतो. एका वेळी किती मागवायचे हा प्रश्न निराळा आहे. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये त्यासाठी सूत्र मांडले. ही नोंद ‘केव्हा मागवायचे’ एवढ्यापुरती आहे.

‘पंधरा दिवसांचा माल हाताशी ठेवायचा’ हा लहान वितरकांचा नेहमीचा हिशेब. रोज सारख्या खपणाऱ्या मालाला तो चालतो. विक्री वरखाली होत असेल, तर त्याच नियमाने एका मालात पैसा अडकतो आणि दुसरा माल ऐन गरजेला संपतो.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातला पाइप-फिटिंगचा एक वितरक घेऊ. एक इंची पीव्हीसी बॉल व्हॉल्व्हची त्याची बारा आठवड्यांची विक्री नगांत अशी आहे, असे समजा: २०, ३५, १८, ०, ४२, २५, ११०, २२, ३०, १९, ३८, २९. सरासरी काढली तर आठवड्याला सुमारे ३२ नग येतात आणि प्रमाण विचलन २७. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती भरकटतात त्याचे माप; एक्सेलमध्ये ते `STDEV.S` ने निघते.

पण हे आकडे विक्रीचे आहेत, मागणीचे नाहीत. चौथ्या आठवड्यातला शून्य माल संपल्यामुळे आला. गिऱ्हाईक आले होते, ते दुसऱ्या दुकानात गेले. बिलांच्या वहीत परत गेलेले गिऱ्हाईक दिसत नाही, म्हणून तो आठवडा हिशेबातून काढावा. सातव्या आठवड्यातल्या ११० पैकी ८० नग एका ठेकेदाराने एकाच कामासाठी उचलले. अशा मालाची चौकशी बहुधा आधी येते आणि तो त्या कामापुरता वेगळा मागवता येतो. ते ८० वगळले की ३० उरतात. आता अकरा आठवड्यांची सरासरी २८ आणि विचलन अवघे ८ येते. विक्री खूपच बेभरवशाची आहे असे वाटत होते, त्यातला मोठा भाग या दोन नोंदींचा होता. वगळण्याआधी मात्र प्रत्येक वेळी बिल काढून पाहावे. तोच ठेकेदार दर महिन्याला येत असेल, तर ती नेहमीची मागणी आहे आणि ती हिशेबात राहायला हवी.

दुसरी बाजू पुरवठ्याची. मागच्या सहा ऑर्डरींना माल यायला १, २, २, ३, २ आणि २ आठवडे लागले. सरासरी २ आठवडे, प्रमाण विचलन सुमारे ०.६३, म्हणजे त्याचा वर्ग ०.४. हा काळ ऑर्डर पाठवल्याच्या तारखेपासून माल मोजून आत घेतल्याच्या तारखेपर्यंत धरावा. कंपनीचा प्रतिनिधी ‘आठ दिवसांत देतो’ म्हणतो तो काळ इथे कामाचा नाही. मागणी आणि लीड टाइम दोन्ही बदलते असतील आणि त्यांचा एकमेकांवर परिणाम नसेल, तर सूत्र असे:

```
SS  = z × √(L × σd² + d² × σL²)
ROP = d × L + SS
```

यात `d` ही आठवड्याची सरासरी मागणी, `L` सरासरी लीड टाइम, आणि `σd`, `σL` ही त्या दोघांची विचलने. `SS` म्हणजे राखीव साठा, `ROP` म्हणजे फेरमागणी पातळी. `z` आपण किती खात्री मागतो त्यावर ठरतो: ९० टक्क्यांना १.२८, ९५ ला १.६५, ९९ ला २.३३. ९५ टक्के म्हणजे शंभर वेळा माल मागवला तर साधारण पंचाण्णव वेळा नवा माल येईपर्यंत जुना पुरेल. शंभरातल्या पंचाण्णव गिऱ्हाइकांना माल मिळेल, असा याचा अर्थ नाही.

आपल्या उदाहरणात वर्गमुळाखालचा पहिला भाग २ × ६४ म्हणजे १२८, दुसरा ७८४ × ०.४ म्हणजे सुमारे ३१४. बेरीज ४४२, वर्गमूळ २१. त्याला १.६५ ने गुणले की ३५ नग राखीव साठा. लीड टाइममधली मागणी ५६ धरून फेरमागणी पातळी ९१. मूळ आकडे तसेच वापरले असते, तर ती १३६ आली असती.

या बेरजेकडे नीट पाहायला हवे. ४४२ पैकी ३१४, म्हणजे सत्तर टक्क्यांहून अधिक भाग गाडीच्या बेभरवशामुळे आला आहे. माल दर वेळी बरोबर दोन आठवड्यांनी आला, तर राखीव साठा १९ नगांवर येतो. अशा वेळी विक्रीचा अंदाज बारकाईने करत बसण्यापेक्षा डेपोतून माल ठरलेल्या वारी निघेल अशी व्यवस्था लावणे जास्त फायद्याचे. जवळचा, थोडा महाग पण वेळेवर देणारा पुरवठादार परवडतो का, हेही याच आकड्यावरून तपासता येते.

निघालेला आकडा जुन्या विक्रीवर लावून पाहावा. माल यायला तीन आठवडे लागले तर काय होईल, म्हणून सलग तीन-तीन आठवड्यांची साफ केलेली विक्री मिळवली, तर सर्वांत मोठी बेरीज ४२, २५ आणि ३० यांची, म्हणजे ९७ येते. तेव्हा ६ नग कमी पडले असते. बाकी प्रत्येक वेळी ९१ पुरले असते. सूत्र नको असेल, तर निव्वळ अशा बेरजा करूनही पातळी ठरवता येते आणि लहान व्यवसायात ती पद्धत मला अधिक विश्वासाची वाटते.

चूक बहुधा आकडा वापरताना होते. ९१ शी रॅकवरचा साठा ताडून चालत नाही. त्यात वाटेवरचा माल मिळवावा आणि कबूल केलेला वजा करावा. रॅकवर ६०, येणारे १००, गिऱ्हाइकांना कबूल १२, म्हणजे हाती १४८; अजून मागवायचे कारण नाही. टॅलीचा `Reorder Status` अहवाल हेच गणित करतो, पण खरेदी आणि विक्रीच्या ऑर्डरी त्यात चढवलेल्या असतील तरच. दुसरे असे की ९१ हा आकडा साठा रोज पाहणाऱ्यासाठी आहे. फक्त शनिवारी पाहणाऱ्याने लीड टाइममध्ये एक आठवडा वाढवून तीन धरावा. तेव्हा ८४ अधिक ३७, म्हणजे १२१ होतात.

बारा आठवड्यांचा हिशेब वर्षभर चालत नाही. सिंचनाच्या मालाची मागणी पावसाळ्यात बसते आणि पाऊस सरल्यावर उठते. जून ते ऑगस्टच्या आकड्यांवर ऑक्टोबरची पातळी ठरवली, तर माल कमी पडणारच. त्यासाठी गेल्या वर्षीचे तेच महिने समोर घ्यावेत.

दोन-तीन महिन्यांतून एकदा चार-पाच नग जाणाऱ्या मालाला हे सूत्र लागू होत नाही, कारण बहुतेक आठवडे शून्याचे असतात. जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये अशा मालासाठी दोन अंदाज वेगळे करण्याची पद्धत दिली: मागणी आली तर किती नगांची येते आणि दोन मागण्यांमध्ये किती काळ जातो. वितरकाला त्याहून सोपा मार्ग असतो. अशा मालाची एका वेळची सर्वांत मोठी खरी मागणी गोडाऊनमध्ये ठेवावी आणि ती विकली गेली त्याच दिवशी तेवढीच परत मागवावी. वस्तू महाग असेल आणि गिऱ्हाईक थांबायला तयार असेल, तर साठा न करता ऑर्डर घेऊन मग मागवावी.