एकत्र राहताना: शांततेची वेळ, स्वयंपाकघर आणि पाहुणे यांविषयीचे नियम

वाकड येथील आमच्या प्रत्येक पेइंग गेस्ट फ्लॅटमध्ये तीन खोल्यांत मिळून सहा नोकरदार महिला राहतात. त्यांपैकी चौघी साधारणपणे सकाळी नऊला कामावर निघतात, तर हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्या दोघी पहाटे चारला घरी येऊन दुपारी एकपर्यंत झोपतात. पुढील नियम या दोन वेळापत्रकांची सांगड घालण्यासाठी केलेले आहेत. राहायला येण्यापूर्वी ते नीट वाचून घ्यावेत, ही विनंती.

शांततेची वेळ

रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत संपूर्ण फ्लॅटमध्ये शांतता पाळावी. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांतही हीच वेळ रात्र म्हणून धरलेली आहे. या वेळेत फोनवर बोलायचे असल्यास आपल्या खोलीत हळू आवाजात बोलावे. बाल्कनीत जाऊन बोलू नये, कारण तिथला आवाज शेजारच्या खोलीच्या खिडकीतून थेट आत जातो.

तक्रारी मात्र रात्रीपेक्षा सकाळच्या आवाजाच्याच अधिक येतात. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला पहिली गाढ झोप लागते तेव्हाच नेमका चटणीसाठी मिक्सर सुरू होतो, आणि मोडलेली ती झोप दिवसा उजेडात पुन्हा लागत नाही. म्हणून रात्रपाळीची भाडेकरू घरी झोपलेली असेल त्या दिवशी दुपारी एकपूर्वी मिक्सर लावू नये. वाटण आदल्या संध्याकाळी दहाच्या आत करून फ्रिजमध्ये ठेवावे. कुकर लावायला हरकत नाही, मात्र स्वयंपाकघराचे दार ओढून घ्यावे आणि पहिली शिट्टी होताच आच मंद करावी. कोण केव्हा झोपलेली असेल हे इतरांना कळावे, यासाठी प्रत्येकीने दर रविवारी आपल्या आठवड्याच्या पाळ्या फ्रिजवरील फळ्यावर लिहाव्यात.

स्वयंपाकघर

सकाळी ७ ते ९ या दोन तासांत चौघींचे डबे व्हायचे असतात आणि शेगडीला बर्नर दोनच आहेत. त्यामुळे प्रत्येकीला अर्धा तास दोन्ही बर्नर मिळतील अशी पाळी लावलेली आहे. सातची पाळी कुणालाच नको असते, म्हणून ती दर आठवड्याला बदलते. आपला अर्धा तास संपण्यापूर्वी ओटा पुसलेला आणि भांडी घासलेली असावीत. सिंकमध्ये भिजत ठेवलेली कढई पुढच्या मुलीचा वेळ खाते.

दूध तापत ठेवून आंघोळीला जाऊ नये. दूध उतू गेले की ज्योत विझते, पण गॅस सुरूच राहतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास दिव्याचे किंवा एक्झॉस्ट फॅनचे बटण चालू किंवा बंद, काहीही करू नये, कारण बटणातील बारीक ठिणगीही पुरेशी ठरते. प्रथम रेग्युलेटर बंद करावा, बाल्कनीचे दार व खिडक्या उघडाव्यात, झोपलेल्यांना उठवून सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ या गॅस गळतीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

खोलीत इंडक्शन शेगडी वापरण्यास सक्त मनाई आहे. आमच्याच एका फ्लॅटमध्ये चहासाठी आणलेली २००० वॅटची शेगडी खोलीतील लहान, ६ अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून चालवली जात होती. २३० व्होल्टला अशी शेगडी पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढते, म्हणजे त्या सॉकेटच्या क्षमतेच्या जवळजवळ दीडपट. काही दिवसांत सॉकेटची पट्टी तपकिरी पडली आणि जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला, तेव्हा हे लक्षात आले. एमसीबी त्याआधी एकदाही पडला नव्हता, कारण तो वायरिंगच्या क्षमतेनुसार बसवलेला असतो, एकेका सॉकेटच्या नव्हे. आपल्या खोलीतील प्लग हाताला गरम लागला, तरी त्याच दिवशी आम्हाला कळवावे.

पाहुणे

भेटायला येणाऱ्यांना रात्री ९ पर्यंत हॉलमध्ये बसता येईल. वडील, भाऊ किंवा मित्र यांना खोलीत नेऊ नये, कारण ती खोली दुसऱ्या एका मुलीचीही असते.

मुक्कामाला केवळ आई, बहीण किंवा मैत्रीण येऊ शकते, तेही महिन्यातून जास्तीत जास्त दोन रात्री. त्यासाठी एक दिवस आधी खोलीतील सहनिवासी मुलीची संमती घ्यावी आणि पाहुणीच्या ओळखपत्राची प्रत आम्हाला पाठवावी, म्हणजे सोसायटीच्या गेटवर नोंद करून ठेवता येते. ही नोंद नसली की रात्री उशिरा आलेल्या आईला सामानासह गेटवर ताटकळावे लागते, आणि त्या वेळी फोन करूनही आम्हाला काही करता येत नाही. सहनिवासी मुलीने नकार दिल्यास तिच्याकडे कारण मागू नये. आम्हाला कळवावे, दुसऱ्या फ्लॅटमध्ये पलंग रिकामा असल्यास तिथे सोय करून देऊ. आपली किल्ली मात्र पाहुणीकडे, एका तासासाठीही, देऊ नये.