आयआरआर हाताने काढताना: दोन दर आणि मधलं अंतर

आमच्या क्लासच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी

ज्या दराने निव्वळ वर्तमान मूल्य बरोबर शून्य येतं, तो आयआरआर. तो थेट सूत्रात बसवून मिळत नाही. म्हणून दोन दर घेऊन पाहायचे, एकाने उत्तर अधिक यावं आणि दुसऱ्याने उणे, आणि मग शून्य त्या दोघांच्या मध्ये कुठे पडतं ते शोधायचं.

उदाहरण घेऊ. आज गुंतवणूक १,००,०००. पुढच्या चार वर्षांची आवक ३०,०००, ४०,०००, ५०,००० आणि २०,०००.

पहिला दर डोळे मिटून घेऊ नका. आवकेची सरासरी ३५,००० आहे. गुंतवणुकीला तिने भागलं की २.८५७ येतात. वार्षिकीच्या तक्त्यात चार वर्षांच्या ओळीत हा आकडा शोधा. १५ टक्क्यांखाली २.८५५ दिसेल. म्हणजे उत्तर १५ च्या आसपास असणार, म्हणून १४ आणि १६ घेऊ.

१४ टक्क्यांचे घटक ०.८७७, ०.७६९, ०.६७५, ०.५९२. आवकेला गुणून बेरीज १,०२,६६०, म्हणजे निव्वळ +२,६६०. १६ टक्क्यांचे घटक ०.८६२, ०.७४३, ०.६४१, ०.५५२. बेरीज ९८,६७०, म्हणजे निव्वळ −१,३३०.

दोन टक्क्यांत मूल्य २,६६० वरून −१,३३० वर आलं, म्हणजे एकूण ३,९९० ने उतरलं. शून्यापर्यंत यायला त्यातले २,६६० उतरायला हवेत:

१४ + (२,६६० ÷ ३,९९०) × २ = १५.३३ टक्के

इथेच सगळ्यात जास्त गुण जातात. छेदात २,६६० वजा (−१,३३०) करायचं असतं, म्हणजे बेरीज होते. उणे चिन्ह विसरून नुसती वजाबाकी केली, तर छेद १,३३० होतो आणि उत्तर १८ टक्के येतं. एक दर अधिक आणि दुसरा उणे असताना उत्तर त्या दोघांच्या बाहेर आलं, तर चिन्ह चुकलं समजा.

दर जवळचे का घ्यायचे? याच उदाहरणात १० आणि २० टक्के घेतले, तर निव्वळ मूल्य +११,५२० आणि −८,६६० येतं, आणि उत्तर १५.७१. खरा दर १५.३२ च्या जवळ आहे. मूल्याची रेषा सरळ नसते, ती खाली झुकलेली वक्र असते. आपण मात्र दोन टोकं सरळ रेषेने जोडतो, म्हणून उत्तर थोडं जास्तच येतं. अंतर दोन टक्क्यांवर ठेवलं की ही चूक नगण्य राहते.

मधल्या एखाद्या वर्षी आवकेऐवजी मोठा खर्च असेल, तर सावध राहा. चिन्ह दोनदा बदललं की शून्य देणारे दर एकापेक्षा जास्त असू शकतात, आणि ही रीत त्यातला एकच हाती देते.

हिशेब अडला तर कच्चं काम खोडू नका, तसंच घेऊन या. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.