१५ माणसांच्या चार्टमध्ये दडलेले २ वेल्डर

सावद्याजवळ एका केळीच्या पॅकहाउसचं पत्र्याचं शेड उभं करत होतो, त्याचं प्लॅनिंग माझ्याकडे होतं. चार्ट काढला, रोज किती माणसं लागणार ते उभ्या दांड्यांनी दाखवलं आणि आपल्याकडे आहेत १५ माणसं म्हणून १५ वर एक आडवी रेघ मारली. यालाच रिसोर्स हिस्टोग्राम म्हणतात, रोजची दांडी म्हणजे त्या दिवसाची गरज आणि रेघ म्हणजे हाताशी किती आहेत ते. एकही दांडी रेघेच्या वर नव्हती, ५ व्या आणि ६ व्या दिवशी तर १३ च माणसं लागत होती. मी निश्चिंत. मुकादमाने मात्र कागद बघितला आणि म्हणाला, "भाऊ, ह्या दोन दिवसांना मी वेल्डर कुठून आणू?"

त्याचं बरोबर होतं. चूक अशी होती की मी सगळ्या माणसांची एकच मोळी बांधली होती. गवंडी रिकामा बसलाय म्हणून तो काही छपराच्या कैचीला टाका मारणार नाही. इथेच रिसोर्स ब्रेकडाउन स्ट्रक्चर लागतं, म्हणजे साधनांची वंशावळच समजा, वर माणसं, मशिनरी, मटेरियल अशा मोठ्या फांद्या, आणि माणसांच्या खाली आमच्याकडे ३ वेल्डर, ४ गवंडी, ८ हेल्पर. जिथपर्यंत एकाच्या जागी दुसरा चालतो तिथपर्यंत एकत्र मोजायचं, जिथे चालत नाही तिथे वेगळी फांदी आणि तिचा वेगळा हिस्टोग्राम. त्या १३ माणसांची फोड केली तर २ गवंडी, ६ हेल्पर आणि ५ वेल्डर निघाले, आणि आपल्याकडे वेल्डर ३!

मग फक्त वेल्डरचा चार्ट काढला. कामं तीनच होती. कैच्यांचं फॅब्रिकेशन १ ते ६ दिवस, रोज २ वेल्डर. गेट आणि ग्रिल ४ ते ६ दिवस, रोज २. केळी धुवायच्या टाक्यांचे स्टँड ५ ते ८ दिवस, रोज १. दांड्या अशा दिसल्या:

```
दिवस   १  २  ३  ४  ५  ६  ७  ८
वेल्डर  २  २  २  ४  ५  ५  १  १
```

आता हा चार्ट वाचायचा कसा? रेघेच्या वर काय गेलं ते तर दिसतंच, पण मी आधी बेरीज करतो. सगळी मिळून २२ वेल्डर-दिवसांची गरज आहे आणि ३ वेल्डर ८ दिवस म्हणजे २४ हाताशी आहेत. म्हणजे काम जास्त नाहीये, ते एका जागी गोळा झालंय. बेरीजच २४ च्या वर गेली असती तर कितीही सरकवासरकव केली तरी ८ दिवसांत बसलं नसतं, मग वेल्डर वाढवा नाहीतर तारीख वाढवा, एवढंच उरतं. आणि हीच बेरीज फसवतेही, कारण सरासरी काढली तर रोज पावणेतीन वेल्डर येतात आणि सगळं झकास वाटतं, म्हणून कामं दिवसांत मोजलेली असतील तर चार्टही दिवसाचाच पाहिजे, आठवड्याचा नको.

डोंगराच्या शेजारी ७ व्या आणि ८ व्या दिवशी दरी आहे, तिच्यात काहीतरी टाकायचं. काय टाकायचं ते सवड बघून ठरतं. कैच्या हलवल्या तर पत्रे अडतात. स्टँड हलवले तर ९ व्या दिवशी मशीन बसवणारे येऊन नुसते बसतील. ग्रिलला मात्र ४ दिवसांची सवड होती, रंगारी ११ व्या दिवशी येणार होते. ग्रिल ३ दिवस पुढे, ७ ते ९ वर नेली, की कुठलीच दांडी ३ च्या वर जात नाही.

पण रेघही सरळ नसते हो. ७ वा दिवस होता आखाजीचा, आणि आपल्या खान्देशात आखाजीला घरी जाणाऱ्या माणसाला कोण थांबवणार. दोघं जाणार, एकच वेल्डर उरणार, म्हणजे त्या दिवशी रेघ ३ वरून १ वर उतरते. स्टँडला तो एक पुरतो, म्हणून ग्रिल अजून एक दिवस सरकवून ८ ते १० वर नेली. बसलं, पण सवड सगळी संपली, आता ग्रिलला एक दिवस जरी उशीर झाला तरी रंगारी अडणार, हे मुकादमाला तेव्हाच सांगून ठेवलं.

एवढं झाल्यावर मशिनरीची फांदी उघडली तर वेल्डिंग सेट होते २. नव्या चार्टमध्ये ५, ६ आणि ८ व्या दिवशी ३ वेल्डर एकाच वेळी काम करणार, म्हणजे तिसरा सेट पाहिजेच. माणसांचा चार्ट स्वच्छ असून तिसरा वेल्डर हात बांधून उभा राहिला असता. सेट भुसावळहून ४ दिवसांसाठी भाड्याने आणला.