भिंतीवरचा आकडा चकतीवर कसा आला: ग्राइंडरच्या खुणांची पार्श्वभूमी

1948 च्या कारखाने कायद्यात तिसावं कलम होतं. जिथे ग्राइंडिंगचं काम चालतं, तिथे प्रत्येक यंत्रावर किंवा यंत्राजवळ कायमची पाटी हवी, असं ते सांगत असे. दगडाच्या कडेचा जास्तीत जास्त सुरक्षित वेग, दांड्याचे फेरे आणि पुलीचा व्यास या गोष्टी पाटीवर लिहिलेल्या असाव्यात. कायदा 1 एप्रिल 1949 पासून लागू झाला, तेव्हा हे सोपं होतं. सहाण जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेली असे, तिला एकच दगड लागे आणि पाटी भिंतीवर टांगलेली असे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात पुरे. नैसर्गिक वाळूच्या दगडाच्या सहाणी जोरात फिरवल्या की फुटत. पुढे भट्टीत भाजलेले कृत्रिम दगड आले आणि त्यांच्या कडेचा वेग साधारण सेकंदाला 30-35 मीटरपर्यंत गेला. विसाव्या शतकात राळेने बांधलेल्या चकत्या आल्या, त्यांच्या पोटात काचतंतूची जाळी बसली, आणि हाच वेग सेकंदाला 80 मीटरवर पोहोचला. 1954 मध्ये एका जर्मन कंपनीने हातात धरायचा अँगल ग्राइंडर बाजारात आणला. यंत्र हातात आल्यावर भिंतीवरची पाटी निरुपयोगी झाली. ती माहिती आता चकतीच्या तोंडावर छापावी लागली, आणि ती वाचायची जबाबदारी मालकाकडून चकती बसवणाऱ्याकडे सरकली.

मराठवाड्यात हा बदल उशिरा आणि घाईने झाला. 1980 च्या दशकात वाळूजला दुचाकींचा मोठा कारखाना आला, त्याच्याभोवती सुटे भाग करणारी युनिटं उभी राहिली, जालन्यात सळईच्या गिरण्या वाढल्या. तोवर गावातला लोहार किंवा वेल्डर पट्टी कापायला हॅकसॉ नाहीतर छिन्नी वापरत असे. नंतर गेट-ग्रिलची दुकानं, उसाच्या ट्रॉल्या जोडणारे आणि पत्र्याचे शेड मारणारे वाढत गेले, आणि प्रत्येकाच्या हातात चार इंची ग्राइंडर आला. ही दुकानं त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली, कारण मूळ कायदा वीज वापरणाऱ्या जागेला किमान दहा कामगार असल्यावरच लागू होत होता. दोन माणसांच्या दुकानात भिंतीवर पाटी कधी नव्हतीच. तिथे पहिल्यापासून चकतीवरचा कागद हाच कायदा होता, आणि तो तासाभरात ठिणग्यांनी काळा पडतो.

एका गोष्टीकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जातं. चकती बसली म्हणजे ती या मशीनची, असं बहुतेकजण धरून चालतात. चार इंची मशीनच्या चकतीचं भोक 16 मिलिमीटरचं असतं, त्यामुळे मोठ्या भोकाची मोठी चकती त्यावर सैल राहते, नीट बसतच नाही, आणि पहिली काही वर्षं हीच अडचण लोकांना वाचवत राहिली. पाच इंची ग्राइंडर आला तेव्हा हे राखण गेलं. 115, 125, 180 आणि 230 मिलिमीटर या चारही मापांच्या चकत्यांना 22.23 मिलिमीटरचंच भोक असतं. ते जुनं सात अष्टमांश इंचाचं माप आहे आणि सगळ्या जगाने तसंच ठेवलं. नऊ इंची चकती पाच इंची मशीनच्या दांड्यावर व्यवस्थित बसते, नटही घट्ट होतो. अडवणारा फक्त गार्ड असतो, आणि तो तर बहुतेक दुकानांत पहिल्याच आठवड्यात काढून फळीवर ठेवलेला असतो.

यात काय बिघडतं ते आकड्यांतच दिसतं. कडेचा वेग सेकंदाला 80 मीटर धरला तर चकतीचे मिनिटाला जास्तीत जास्त फेरे काढायला 15,28,000 ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागायचं. 125 ला 12,224 येतात, छापताना ते साधारण 12,250 होतात. 180 ला 8,500 च्या आसपास, 230 ला 6,650 च्या आसपास. पाच इंची ग्राइंडर मोकळा फिरताना बहुधा 11,000 फेरे घेतो. त्यावर 230 ची चकती लावली तर तिच्या कडेचा वेग 132 मीटरच्या वर जातो. फाडू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो परवानगीपेक्षा पावणेतीन पट होतो. चकती चालू करताक्षणी फुटेल असं नाही, पण एखादा कोपरा अडकला तर ती फुटते, आणि तुकडा चेहऱ्याच्या उंचीवरून जातो.

खरा वाद मात्र नव्या चकतीवर होत नाही, झिजलेल्या चकतीवर होतो. सात इंची मशीनवर वापरलेली 180 ची चकती झिजून 120 ची झाली. ती फेकायची, की पाच इंची मशीनवर लावून संपवायची? वेल्डरचं म्हणणं असं की कागदावर 80 मीटर छापलंय, आणि 120 व्यासाला 11,000 फेऱ्यांवर जेमतेम 69 मीटर होतात, मग भीती कसली? दुसरी बाजू म्हणते, त्याच कागदावर 8,500 फेरेही छापलेत, आणि ते ओलांडू नयेत.

हिशेबात वेल्डर चुकत नाही, हे आधी मान्य करायला हवं. फिरणाऱ्या चकतीच्या भोकाजवळ पडणारा ताण मुख्यतः कडेच्या वेगावर अवलंबून असतो, आणि छोट्या व्यासाला तोच कडेचा वेग ठेवला तर ताणात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. चकतीवर दोन आकडे छापले गेले ते एकमेकांना पूरक म्हणून, फक्त ते नव्या, पूर्ण व्यासाच्या चकतीला लागू होतात. मोडतं ते वेगळ्याच ठिकाणी. झिजलेली चकती क्वचितच गोल राहते, त्यामुळे ती हादरते. सात इंची मशीनवर तिच्यावर बाजूने दाब आलेला असू शकतो, आत काचतंतूची जाळी तुटलेली असू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही. शिवाय ‘120 ची झाली’ हे डोळ्यांनी ठरवलेलं असतं. 11,000 फेऱ्यांवर 80 मीटरची सीमा 139 मिलिमीटरला येते. चकती खरंच 120 ची असेल तर ती सीमेच्या आत असते, पण 150 ची असेल तर वेग 86 मीटर होतो. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, गार्डला मात्र जाणवतो. पाच इंची मशीनच्या गार्डमध्ये 139 च्या वरची चकती मावत नाही, म्हणून गार्ड बसवूनही चकती मोकळी फिरत असेल तर वेल्डरचा हिशेब निदान व्यासापुरता खरा ठरतो. गार्ड काढून तीच गोष्ट केली तर मापकच फेकून दिल्यासारखं होतं. माझं मत विचाराल तर 8,500 चा आकडाच पाळावा, कारण चकतीच्या आतली इजा कुणीही मोजलेली नसते. पण या वादाला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही.

हल्ली बरेच प्रश्न फोनवर येतात. कागद खरवडलेल्या चकतीचा फोटो येतो आणि विचारलं जातं, ही कोणत्या मशीनला लावू? समजा फोटोत लाल पट्टा शाबूत आहे, आकड्यांतलं फक्त शेवटचं ‘5 × 1.2 × 22.23’ वाचता येतंय, बाकी काळं. लाल पट्टा म्हणजे 80 मीटर. युरोपीय पद्धतीत 50 ला निळा, 63 ला पिवळा, 100 ला हिरवा असतो. पण व्यास 115 की 125, हे आकड्यावरून कळत नाही, आणि भोकाचा आकडाही पुसलेला असता तर नुसत्या फोटोवरून 16 आणि 22.23 ची भोकंही वेगळी ओळखता आली नसती. म्हणून चकतीवरच सपाट दहा रुपयांचं नाणं ठेवून, कॅमेरा अगदी वरून धरून पुन्हा फोटो मागवायचा. नाणं 27 मिलिमीटरचं असतं. पडद्यावर ते साडेतेरा मिलिमीटर दिसलं, चकती साडेबासष्ट दिसली, तर दुपटीने चकती 125 ची. भोक 11.1 दिसलं तर ते 22.2 चं. नाणं लंबगोल दिसत असेल तर फोटो तिरका आहे, मापं धरू नयेत.

तरीही 125 हा आजचा व्यास असतो, जन्माचा असेलच असं नाही. इथे जाडी मदत करते. 1.2 ची पातळ चकती बहुधा मुळातच लहान असते, पण 3 मिलिमीटरची निघाली तर ती 180 किंवा 230 चा उरलेला भागही असू शकते, आणि 125 ची 3 मिलिमीटरची चकतीही मिळते. कडेजवळ छापील अक्षरं अर्धवट कापलेली दिसत असतील तर ती झिजलेली आहे. ठरत नसेल तर संशयितांतला सर्वांत कमी आकडा धरावा, म्हणजे 6,650, आणि 11,000 च्या मशीनला ती नाही म्हणावं.

भोकाभोवतीची धातूची कडी लोक विसरतात. कागद जळला तरी त्यावरची उठावदार अक्षरं टिकतात. त्यात ‘व्ही’ आणि पुढे महिना-वर्ष असेल तर ती मुदत. राळेच्या हँड ग्राइंडर चकत्यांना बनवल्यापासून तीन वर्षं देतात, कारण राळ ओल शोषते आणि कमजोर होते. पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळाभर उघडी पडलेली चकती मुदतीआधीही बिघडते, आणि उन्हात वाळवल्याने गेलेली ताकद परत येत नाही. तेच अक्षर मध्यभागातल्या सांकेतिक ओळीत, ‘ए 60’ वगैरेच्या शेवटी आलं तर मात्र त्याचा अर्थ भाजलेला दगड. हातातल्या ग्राइंडरसाठी तिथे ‘बीएफ’ हवं. ‘बी’ म्हणजे राळ, ‘एफ’ म्हणजे जाळी. ‘व्ही’ वाली चकती बेंच ग्राइंडरची, तिचा वेग 35 मीटरच्या आसपास असतो.

लाकडाच्या दातेरी पानाचं प्रकरण वेगळंच आहे, पण फोटो सारखेच येतात. 110 मिलिमीटरचं, 20 च्या भोकाचं, 30-40 दातांचं पान. त्यावर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात, अनेकदा 12,000 च्या वर, म्हणजे ग्राइंडरच्या 11,000 पेक्षा जास्त. आकडे जुळतात म्हणून सुतार आतल्या भोकात रिंग घालून ते चार इंची ग्राइंडरवर चढवतो. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की पान त्या वेगाने फिरताना स्वतः फुटणार नाही. दात लाकडात अडकला तर यंत्र हातातून कुठे उसळेल, याबद्दल त्यावर काहीच छापलेलं नसतं. 110 चं पान 100 मिलिमीटरच्या गार्डमध्ये मावत नाही, त्यामुळे ते बसवायला गार्ड काढावाच लागतो. मार्बल कटरवर हेच पान तळपट्टीच्या आधाराने चालतं आणि गार्ड त्याच्याभोवती असतो. ग्राइंडरवर हे दोन्ही नसतं, म्हणून फेरे जुळले तरी उत्तर नाहीच येतं.